पत्र्यावरचा पाऊस खाली उतरू द्यायचा नसेल तर

जांबोटीच्या अलीकडे आमच्या आत्याचं घर आहे. जुलैत झड लागली आणि तेवढ्यात फोन वाजला, की ती फोन घेऊन गोठ्यात जायची. गोठ्यावर अजून मंगळुरी कौलं आहेत, घरावर पत्रा चढला आहे. माकडं कौलं फोडायची, दरवर्षी मिरगाच्या आधी माणूस चढवून घर शाकारायला लागायचं, आणि तसा माणूसही आता मिळेनासा झालाय. म्हणून पत्रा. गळती थांबली, पण घरात बोलणं बंद झालं. "म्हशी सुखात आहेत, आम्हीच पत्र्याखाली बसलोय," असं ती मला दर पावसाळ्यात ऐकवायची. मी बेळगावात फॅब्रिकेशनची कामं घेतो आणि ते छप्पर मीच चढवलेलं, त्यामुळं ऐकून घेणं भाग होतं.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या सोप्याचं काम केलं. 12 बाय 15 फुटांची एकच खोली. तिच्याच आधारानं सगळं सांगतो, कारण खानापूर तालुक्यात अशी कौलाची पत्र्यावर आलेली घरं शेकड्यांनी आहेत आणि बहुतेक जण चुकीच्या वस्तूवर आधी पैसे घालवतात. मीही घालवलेत.

कौल गप्प का आणि पत्रा का बडबडतो

एक मंगळुरी कौल दोन-अडीच किलोचं असतं आणि चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात. म्हणजे चौरस मीटरभर छपराचं वजन 30 ते 40 किलो. तेवढ्याच जागेवरचा 0.40 मिलिमीटरचा पत्रा भरतो साडेतीन किलोच्या आत-बाहेर. थेंब कौलावर आपटला तर कौल जागचं हलत नाही. पत्रा हलतो, आणि दोन पर्लिनमध्ये, म्हणजे तो ज्यांवर बसवतात त्या आडव्या पाइपांमध्ये, ताणलेला असल्यानं हलगीच्या कातड्यासारखा हलतच राहतो. वरून थेंब वाजवतात, खाली आपण हलगीच्या आत बसलेलो असतो.

थेंबाच्या आकारानंही फार फरक पडतो. 2 मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगानं पडतो, 5 मिलिमीटरचा साधारण नऊ मीटरनं. वजन आणि वेग दोन्ही धरले तर मोठ्या एका थेंबाचा तडाखा लहानाच्या जवळपास तीसपट ऊर्जेचा असतो. म्हणून अथणी-रायबागकडं मे महिन्यातला वळीव अर्धा तासच येतो, पण कानठळ्या बसवतो. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला थेंब बारीक असतात, पण पाऊस दिवसच्या दिवस थांबत नाही. तिकडं त्रास आवाज किती मोठा याचा कमी, तो संपत नाही याचा जास्त. अथणीच्या माणसानं खर्च करण्याआधी वर्षातले असे तास मोजावेत. खानापूरकराला मोजायची गरज नाही.

यावरून तीन गोष्टी निघतात. पत्र्याचं थरथरणं पत्र्यालाच टेकून मारायचं. जे उरेल ते अडवायला खाली जड आणि पत्र्यापासून सुटा थर द्यायचा. आणि त्या थराला भोक ठेवायचं नाही. पुढचं सगळं याच क्रमानं आहे, आणि क्रम चुकला की पैसे गेले.

आधी पावसात उभं राहून ऐका

काम उन्हाळ्यात करायचं असलं तरी ऐकायचं पावसातच. एका बांबूच्या टोकाला गोणपाटाची घडी बांधा आणि जोराच्या पावसात खालून पत्र्याच्या सपाट भागावर दाबून धरा. तेवढ्या जागेचा आवाज "टण टण"वरून "थप थप"वर आला, तर तुमचा मुख्य रोग पत्र्याचं थरथरणं आहे. काहीच फरक पडला नाही, तर आवाज दुसरीकडून येतोय.

दुसरीकडून म्हणजे बहुधा वळचणीतून. पत्रा भिंतीवरून बाहेर जातो तिथं नागमोडी फटी राहतात, त्यातून पागोळ्यांचा आणि अंगणातल्या पाण्याचा आवाज सरळ आत येतो. भिंतीलगत उभं राहिलं आणि मग खोलीच्या मध्यावर, की फरक कळतो. तिसरा प्रकार खडखडाटाचा. तो थेंबांचा नसतो, वाऱ्यानं सैल पत्रा पर्लिनवर आपटत असतो. तो झोतागणिक येतो-जातो. ऊन गेल्यावर होणारा "टक… टक" वेगळा, ते पत्र्याचं आकुंचन आहे, त्याच्या मागं लागू नका.

आत्याकडं तिन्ही होते. वर चढलो तर कडेच्या रांगेतले बरेच स्क्रू हातानं फिरत होते आणि त्यांचे रबरी वॉशर उन्हानं तडकलेले. वॉशर बदलून स्क्रू पुन्हा आवळले. आवळायचे ते वॉशर जरासा फुगेपर्यंतच, चपटा होऊन बाहेर आला की तो वर्षा-दोन वर्षांत फाटतो आणि तिथंच गळतं. रिजच्या पट्टीखाली आणि पत्र्यांच्या जोडावर मधे मधे स्क्रू वाढवले. या अर्ध्या दिवसाच्या कामानं खडखड पूर्ण गेली, थेंबांचा आवाज मात्र तसाच राहिला. तसाच राहणार होता.

थर्माकोल, फोम आणि दुकानदाराचे आकडे

मी पहिल्यांदा अशा कामाला हात घातला तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या पत्र्याखाली थर्माकोलच्या शीट मारल्या होत्या. घर थोडं थंड झालं, आवाज होता तेवढाच. थर्माकोल हलका आणि कडक असतो, तो पत्र्याबरोबरच थरथरतो. चंदेरी बबल शीट आणि 5-6 मिलिमीटरचा एक्सएलपीई फोम यांचंही थोडंफार तसंच. उन्हासाठी ते चांगले आहेत. नवीन पत्रा टाकताना फोम पत्र्याला चिकटलेला असेल तर थरथर थोडी मरतेही, पण "आवाज बंद" म्हणून विकत असतील तर घेऊ नका. पफ पॅनेलबद्दलही हेच. दोन पत्र्यांमधला तो कडक फोम शीतगृहाला उत्तम, पावसाच्या आवाजाला साधारण. तेवढ्याच जाडीचं, रॉकवुल म्हणजे दगडी तंतूंची लोकर भरलेलं पॅनेल जड असतं आणि या कामात त्याहून बरं ठरतं.

दुकानात "एनआरसी" नावाचा आकडा दाखवतात. तो खोलीतला घुमारा किती शोषला जातो ते सांगतो, वरचा आवाज किती अडतो ते नाही. छपरावरच्या पावसासाठी प्रयोगशाळेत वेगळी चाचणी असते, आयएसओ 10140 मधली. त्यात जोरदार पाऊस म्हणून तासाला 40 मिलिमीटर पाणी 5 मिलिमीटरच्या थेंबांनी सोडतात. कुणी फार दावा करत असेल तर या चाचणीचा कागद मागा. तुलना करताना एवढं लक्षात ठेवा, की 10 डेसिबल कमी झाले म्हणजे कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. दोन-तीन डेसिबलच्या फरकावर पैसे खर्चू नका.

छप्पर नवीनच घालायचं असेल तर

मग तुमचं निम्मं काम सोपं आहे, कारण थर वरून घालता येतो. पर्लिनवर जीआय तारेची जाळी ताणून बसवायची, तिच्यावर 50 मिलिमीटर जाडीची ग्लासवुलची, म्हणजे काचेच्या तंतूंची गादी अंथरायची, आणि तिच्यावर पत्रा. गादीची चंदेरी बाजू खाली, खोलीकडं. जोडांवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी मारायची. गादी पत्र्याला टेकलेली राहते, तेच हवं असतं. स्क्रू नेहमीपेक्षा लांब घ्यायला लागतात. 50 मिलिमीटरपेक्षा जाड गादी थेट पर्लिनवर दाबू नका, पत्रा नीट बसत नाही आणि जोड उघडे पडतात. ऐपत असेल तर पर्लिनवर 12 मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लायवूड, त्यावर डांबरी मेंब्रेन आणि वर पत्रा, हे याहून चांगलं. पत्र्याला सगळीकडं जड आणि मऊ अंथरूण मिळतं. मात्र प्लाय ओलं राहिलं तर कुजतं, म्हणून वळचणीला मेंब्रेनचं टोक पन्हळीत उतरलं पाहिजे.

पत्रा निवडताना जाडी आधी. गिऱ्हाईक "पॉइंट फाइव्ह" मागतं आणि दुकानदार रंगासकट 0.50 देतो, आतलं लोखंड त्याहून कमी असतं. मायक्रोमीटर लावून बघा, मी लावतो. आकारात बघायचं ते दोन उंचवट्यांमधला सपाट भाग किती रुंद आहे ते. रुंद सपाट पट्टा म्हणजे मोठी हलगी. जवळ जवळ उंचवटे असलेला किंवा जुन्या पद्धतीचा गोल नागमोडी पत्रा ताठ असतो, त्याचा आवाज कमी घुमतो. पर्लिन चार फुटांऐवजी तीन फुटांवर घेतले तरी थोडा फायदा. वर दगडी कण चिकटवलेले कौलाच्या आकाराचे पत्रे येतात, त्यांवर थेंब फुटतो आणि कणांचा थर थरथर मारतो, पण वाकडं बसवणारे मिस्त्री आपल्याकडं बरेच आहेत. आवाजासाठी म्हणून उतार वाढवण्यात मात्र अर्थ नाही. 30 अंशांच्या उतारावरही फरक डेसिबल-दीड डेसिबलच्या आसपासच. उतार पाण्यासाठी ठेवा.

हे सगळं करूनही एकटा पत्राच चांगला घेतला आणि खाली काहीच केलं नाही, तर समाधान होणार नाही. आकार आणि जाडी म्हणजे भाकरीबरोबरचा ठेचा, पोट भरत नाही.

आत्याच्या सोप्याचं काम: छप्पर न उघडता

पत्रा 0.40 चा, पर्लिन 40 बाय 40 चे बॉक्स पाइप, चार फुटांवर. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मजबूत. क्षेत्र 180 चौरस फूट, म्हणजे 16.7 चौरस मीटर. उतारामुळं छपराचं क्षेत्र थोडं जास्त भरलं, म्हणून वुल 200 चौरस फूट आणली.

पहिला थर पत्र्याला टेकवायचा. पर्लिन 40 मिलिमीटर उंच आणि वुल 50 मिलिमीटर जाड. हा दहा मिलिमीटरचा फरकच कामाचा. पर्लिनच्या खालच्या अंगाला कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती जाळी स्क्रूनं घट्ट बसवली, की वुल थोडी दबून पत्र्याच्या सपाट भागावर टेकून राहते. उंचवट्यांखाली पोकळी राहते, राहू दे, वाजतो तो सपाट भाग. मी रॉकवुलचे 48 किलो घनतेचे स्लॅब वापरले, ते लोंबत नाहीत. ग्लासवुलही चालते, जाळी मात्र जास्त ताणावी लागते. टेकली की नाही ते बघायला वरून बोटाच्या पेरानं पत्रा वाजवायचा. "टण" आला त्या जागी खालून जाळीला आणखी एक स्क्रू. हे काम पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क आणि चष्मा घालूनच करा. मी एकदा बनियनवर केलं होतं, दोन रात्री खाजवत होतो.

वुलच्या खालून फॉइल हवीच. पत्र्यावर गार पाणी वाहत असतं आणि खाली चुलीची, ओल्या कपड्यांची वाफ. ती वाफ पत्र्यापर्यंत पोचली की पत्रा आतून घामेजतो आणि वुल भिजते. भिजलेली वुल आवाज शोषत नाही, उन्हाला अडवत नाही, फक्त पत्रा गंजवते. घनदाट ओलाव्याच्या या पट्ट्यात अशी कामं बिघडतात ती बहुतेक इथंच. छताच्या बोर्डवर पिवळट डाग उमटले की आधी गळती शोधू नका, फॉइलचा सुटलेला जोड शोधा.

या पहिल्या थरानंतर पाऊस आला असता तर आत्या म्हणाली असती, "कमी झालाय, पण आहे." टणटणाट जातो, घोंगावणं राहतं. म्हणून दुसरा थर, म्हणजे जड छत.

इथं बहुतेक फॉल्स सीलिंगवाले छताच्या पट्ट्या सरळ पर्लिनला लोंबवतात. तसं केलं की पर्लिनची थरथर त्या पट्ट्यांतून बोर्डात उतरते आणि वर वजनही पर्लिनवर येतं. वजन किती ते बघा. मी 8 मिलिमीटरचा सिमेंट फायबर बोर्ड घेतला, तो चौरस मीटरला साधारण साडेदहा किलो. पट्ट्या आणि स्क्रू धरून तेरा. 16.7 चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास. चाळीसच्या पर्लिनवर हे टांगायचं नाही. पीव्हीसीचे पट्टे टांगले तर वजनाची चिंता नाही, पण आवाजही अडत नाही. जिप्सम बोर्ड चांगला जड असतो, पण साधा जिप्सम घाटमाथ्याच्या दमटीत फुगतो आणि मधे झोल धरतो.

म्हणून छत छपराला न टांगता भिंतींवर ठेवलं. 12 फुटांच्या रुंदीत 80 बाय 40 चे, 2 मिलिमीटर जाडीचे बॉक्स पाइप उभ्या अंगानं, दर दोन फुटांवर एक, असे सात. टोकं भिंतीत कोनाडे करून बसवली आणि प्रत्येक टोकाखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे दिले. छप्पर आणि छत यांचा आता कुठंच लोखंडाला लोखंड असा संबंध नाही. पत्रा वर हवा तेवढा थरथरू दे. तुमची खोली 12 फुटांपेक्षा रुंद असेल, भिंत मातीची किंवा कच्ची असेल, तर हे माप उचलू नका, पाइप बदलेल आणि कदाचित खांबही लागतील.

बोर्ड 8 बाय 4 चे, सात लागले. एका बोर्डाचं वजन तीस किलोच्या वर, त्यामुळं वर धरायला तिघं हवेत. जोड पाइपवरच येतील असं मांडलं. उरलेले वुलचे तुकडे बोर्डांच्या वर अंथरले, मधल्या पोकळीतला घुमारा त्यानं कमी होतो. मग सगळ्यात कंटाळवाणं पण सोडून चालणार नाही असं काम, फटी. भिंत आणि बोर्ड यांच्यामध्ये चार-पाच मिलिमीटरची जागा मुद्दाम ठेवून ती सिलिकॉननं भरली, सिमेंटनं नाही. सिमेंट तडकतं. गवंड्यानं घाईत एक बाजू सिमेंटनं लिंपली होती, ती काढायला लावली. पंख्याचा हूक पाइपला, त्याच्याभोवतीचं भोक भरलेलं. छतात बसवायचे गोल दिवे आत्याच्या सुनेला हवे होते. त्याला नाही म्हटलं, प्रत्येक दिवा म्हणजे चार इंचांचं भोक. भिंतीवरच्या ट्यूबलाइट ठेवल्या.

वळचणीच्या नागमोडी फटींना पत्र्याच्याच आकाराच्या फोमच्या पट्ट्या मिळतात, त्या आतून ठोकल्या. सगळ्या मात्र बंद केल्या नाहीत. पोकळीला वारा लागतो, नाहीतर ती ओल धरते. दोन तिकाटण्यांत, छताच्या वर, फूट बाय फुटाची एकेक झडप ठेवली, बारीक जाळी मारून. जाळी विसरलात तर पहिल्याच पावसाळ्यात उंदीर वुलमध्ये घरं करतात, आणि उंदरांमागून काय येतं ते आपल्याकडं सांगायला नको.

पावसाळ्यात गेलो तेव्हा सोप्यात टीव्ही चालू होता आणि आत्या त्याच खोलीत फोनवर बोलत होती. बाहेर पाऊस आहे हे कळत होतं, लांबच्या ओढ्यासारखं. शेजारच्या स्वयंपाकघरात पाय टाकला तर पुन्हा तोच दणका, तिथं काम केलेलं नाही. दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं असलं की सोप्यातही आवाज वाढतो. एकच खोली करायची असेल तर दाराची चौकट घट्ट बसते का ते आधी बघा. आणि वाळत घातलेल्या मिरच्या दोनदा भिजल्या, कारण सर आलेली आत कळलीच नाही. त्याबद्दलही मलाच ऐकावं लागलं.

एवढा खर्च जमत नसेल तर

वुल आणि जाळीचा पहिला थर एकटा करा, छत पुढच्या वर्षी. उलटं करू नका, नुसत्या हलक्या छतानं निराशाच होते. गोठ्यावर, शेडवर काही जण पत्र्यावर गवत किंवा झावळ्या टाकतात. आवाज खरंच कमी होतो, कारण थेंब पत्र्यावर पडतच नाही. पण ओलं गवत पत्र्याला धरून राहतं आणि त्याखाली पत्रा गंजतो. त्यापेक्षा शेतातली हिरवी शेडनेट पत्र्याच्या वर सहा-आठ इंचांवर तारेनं ताणून बांधली तर मोठा थेंब जाळीवर फुटून बारीक होतो. वळवाच्या भागात याचा उपयोग जास्त. घाटमाथ्याच्या वाऱ्यात मात्र नेट एका हंगामात फाटते, आणि नीट ताणलेली नसेल तर तीच पत्र्यावर फडफडते.

आत्याच्या घराची तपासणी आता वर्षातून एकदा, मिरगाच्या आधी. झडपेतून बॅटरी मारून फॉइलचे जोड बघायचे, जाळीला हात लावून वुल लोंबली आहे का ते बघायचं, वर चढून कडेच्या रांगेतले स्क्रू फिरवून बघायचे. स्वयंपाकघराचं माप घेऊन ठेवलंय. तिथं चुलीचं धुराडं पत्र्यातून वर जातं, त्याच्याभोवती वीतभर जागा सोडून पत्र्याची पेटी करायला लागेल आणि वुल रॉकवुलचीच घ्यायला लागेल, तीही धुराड्याकडच्या अंगाला फॉइलच्या चिकटपट्टीशिवाय, कारण तिचा गोंद तापला की सुटतो.